रिकाम्या गल्लीची लांबी

माझा नवरा मे महिन्यात ऊन लागून गेला. नागपुरात दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी असं जातं, वर्तमानपत्रात चार ओळी येतात आणि लोक खिशात कांदा घालून पुन्हा बाहेर पडतात. तो सिनेमाचा संकलक होता आणि मी त्याची सहाय्यक. गेला तेव्हा हातातल्या सिनेमाचं काम अर्ध्यावर होतं. लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे. समोर असताना 'अहो'च म्हणत होते, संकलनाच्या मशीनवर बसल्यावरसुद्धा.

सव्वा महिना व्हायच्या आत मी कामावर जायला लागले, याची आमच्या गल्लीत बरीच चर्चा झाली. मी रडत नव्हते, हे तर लोकांना त्याहून खटकत होतं. भेटायला येणाऱ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या, दूध कधी उतू जातंय ते बघावं तशा. रडले असते तर आवरायला बसल्या असत्या. रडले नाही म्हणून रडवायला बसल्या. मला काही वाटतच नव्हतं. हे मी मोठेपणाने सांगत नाही. दात काढण्याआधी सुई टोचली की ओठ आपला नसल्यासारखा होतो ना, तशी मी सगळीच्या सगळी झाले होते.

शेवटी सासूबाईंनी तोडगा काढला. "मी राहीन तिच्या संगं," त्या दारात उभ्या राहून शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मंग पाहू कोण काय बोलते." तेव्हापासून त्या रोज माझ्याबरोबर सायकलरिक्षात बसून बर्डीच्या बाजारातल्या आमच्या ऑफिसात यायच्या. मांडीवर डबा आणि एका पिशवीत निवडायची डाळ. घरी एकटं बसणं त्यांनाही नको होतं, पण ते त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

आमचे शेठजी मुळात सिनेमाचे वितरक. विदर्भ आणि मध्य प्रदेशातल्या टॉकीजना ते हिंदी सिनेमे पुरवायचे, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच स्वतः मराठी सिनेमा काढायला बसले होते. मुंबईला कापायला दिला की सिनेमा आपल्या डोळ्यांआड होतो, असं त्यांचं ठाम मत. म्हणून कुठल्याशा बंद पडलेल्या स्टुडिओतून त्यांनी एक जुनं संकलनाचं मशीन उचलून आणलं आणि ऑफिसच्या वरच्या खोलीत बसवलं. पायाने पॅडल दाबायचं, की फिल्म पुढे सरकते आणि वहीच्या पानाएवढ्या काचेवर चित्र हलतं. दुसऱ्या पॅडलने मागे. खिडकीत खसचा कूलर, भिंतीला रिळांचे डबे, आणि कोपऱ्यात कापडाची खोळ लावलेली एक चौकट, जिच्या खिळ्यांना कापून काढलेले फिल्मचे तुकडे लोंबत असायचे.

मूळ निगेटिव्ह मुंबईच्या लॅबमध्ये कुलुपात. आमच्याकडे रेल्वे पार्सलने यायची ती तिची कामचलाऊ प्रत. आम्ही ही प्रत कापायची, जोडायची, पुन्हा कापायची. सगळं मनासारखं झालं की ती मुंबईला जायची आणि तिथला निगेटिव्ह कापणारा माणूस तिच्या काठावरचे आकडे बघून निगेटिव्ह हुबेहूब तशीच कापायचा. म्हणजे आमच्या प्रतीवर जिथे जोड, तिथे सिनेमात कट.

राहिलेल्या कामात सगळ्यात मोठं होतं ते पाठलागाचं रीळ. इतवारीत एका हमालाने खून होताना पाहिलेला असतो, आणि खुनी त्याच्या मागे लागतो. कापडबाजाराच्या गल्ल्या, हातठेले, भांड्यांची दुकानं, आणि त्यातून पळणारे दोघं. चित्रीकरण चांगलं झालं होतं. रीळ माझ्या नवऱ्याने कापूनही ठेवलं होतं, पण तो पहिला, कच्चा कट होता. त्याची पद्धतच तशी. आधी सगळं सैलसर लावून घ्यायचं, कणीक भिजवून ठेवावी तसं, आणि मग चार दिवसांनी मळायला बसायचं. ते चार दिवस त्याला मिळाले नाहीत.

मी ते रीळ रोज बघत होते. हमाल पळतो, खुनी पळतो, हमाल पळतो, खुनी पळतो. प्रत्येक तुकडा साधारण सारख्याच लांबीचा. माणूस चौकटीतून बाहेर पडला रे पडला की कट, कारण कच्च्या कटात तो रिकामी फिल्म ठेवत नसे. बघताना वाटायचं की दोन माणसं दोन वेगवेगळ्या गावांत व्यायाम करताहेत. हे मला कळत होतं. पण मी काही करत नव्हते. रीळ लावायचं, बघायचं, गुंडाळायचं, डब्यात ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

कारण ते जोड त्याने लावले होते. तेव्हा आम्ही फिल्म-सिमेंटने, म्हणजे डिंकासारख्या एका पातळ द्रवाने जोडायचो. एका तुकड्याच्या टोकाचा मसाला, म्हणजे चित्राचा थर, पात्याने खरवडायचा, ब्रशने सिमेंट लावायचं, दुसरं टोक त्यावर ठेवून दाबून धरायचं. असा जोड नंतर सुटत नाही. बदल करायचा तर तो कापूनच टाकावा लागतो, आणि कापला की त्याच्याबरोबर फिल्मवरची एक चौकट, म्हणजे एक चित्र, जातेच. त्याचे जोड बारीक, स्वच्छ, बोटाला लागतसुद्धा नसत. त्या रिळात ते शंभराच्या वर असतील. मी त्यांच्यावरून बोट फिरवायचे आणि तेव्हाही मला काही वाटायचं नाही. तरी कापायला हात उचलत नव्हता.

दिग्दर्शक पुण्याहून शिकून आलेला तरुण मुलगा. त्याने रीळ पाहिलं आणि म्हणाला, "छान आहे, वहिनी." मग जिन्यात उभा राहून बराच वेळ सिगारेट ओढत राहिला. शेठजींनी पाहिलं, तेही "बढिया" म्हणाले. मेलेल्या माणसाच्या कामाला कोण नावं ठेवणार! कुणी तोंडावर शिवी दिली असती तर बरं झालं असतं. दयेने माणसाचं फार नुकसान होतं, हे मी त्या पंधरवड्यात शिकले.

शेवटी शेठजीच एका सकाळी वर आले. स्टुलावर बसले, रुमालाने मान पुसली आणि मशीनकडे बघत बोलले, माझ्याकडे नाही.

"भाभीजी, पिक्चर दिवाळीले लावायचं आहे. बंबईत एक एडिटर आहे, मोठा आदमी. तो म्हणते, मी पूरा करून देतो."

"बरं," मी म्हणाले.

"पण त्याची एक शर्त आहे. पाटीवर नाव त्याचं एकट्याचं पाहिजे."

सिनेमाच्या सुरुवातीला नावांच्या पाट्या येतात, त्यातली संकलकाची पाटी. माझ्या नवऱ्याने दहा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढली होती. मुंबईत सहाय्यकांच्या गर्दीत त्याचं नाव तीनदा आलं, तेही बारीक अक्षरांत. स्वतःची अशी ही पहिली पाटी असणार होती. आता ती पहिली आणि शेवटची.

"पाठलागाचं रीळ मी पुन्हा कापते," मी म्हणाले. "टॉकीजमध्ये लावून बघा. नाही जमलं तर पाठवा मुंबईला."

शेठजींना हायसं वाटलेलं दिसलं. पुढच्या रविवारी सकाळी, मॅटिनीच्या आधी, बर्डीतल्या एका टॉकीजमध्ये ट्रायल ठरली. ते खाली गेले आणि मी मशीनवर बसले. बसले, आणि नुसतीच बसून राहिले.

कट कुठे मारायचा हे ठरवण्याची एक युक्ती नवऱ्याने मला शिकवली होती. फिल्म चालू ठेवायची आणि कट हवा असं वाटेल त्या क्षणी चालत्या फिल्मवर पांढऱ्या मेणपेन्सिलीने ठिपका द्यायचा. विचार करायचा नाही. मग मागे नेऊन पुन्हा तेच, तिसऱ्यांदाही तेच. तिन्ही ठिपके जवळपास एकाच चौकटीवर पडले, तर समजायचं की अंगाला ताल सापडला. "हे डोक्यानं नाही होत वं," तो म्हणायचा, "हे श्वासानं होते." माझे ठिपके बहुतेक वेळा एकावर एक पडायचे आणि त्याला त्याचा कोण अभिमान!

मी पॅडल दाबलं. हमाल कोपऱ्यावरून वळला, ठिपका. पुन्हा, ठिपका. पुन्हा. फिल्म थांबवून बघितली तर तीन ठिपके तीन गावांना. दुसरा शॉट घेतला, तिथेही तेच. खुनी हमालाच्या पाठीवर येऊन आदळला असता तरी मला भीती वाटली नसती. ज्याला भीती वाटत नाही, त्याने पाठलाग कापायचा कसा? चाखता येत नाही आणि मीठ घालायचंय, असं ते होतं.

सासूबाई मागे पाटावर बसून डाळ निवडत होत्या. त्या एरवी त्या काचेकडे बघायच्या नाहीत. त्या दिवशी मी तेच तेच मागेपुढे फिरवत होते म्हणून असेल, त्यांनी मान उचलली. बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हा काहून पळून राहिला वं?"

"त्याच्या मागे माणूस लागलाय, आई."

"कुठी हाय?"

"तो काय, आता दिसेल."

खुनी आला, पळत गेला.

"हा त्याच्या मागं हाय? किती मागं हाय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला उत्तर देता येईना. रिळात ते कुठेच नव्हतं. पाठलाग म्हणजे दोन माणसांमधलं अंतर, दुसरं काय! ते अंतर बघणाऱ्याला माहीत असलं पाहिजे आणि ते कमी होताना दिसलं पाहिजे. हे मला पाठ होतं, शिकाऊ पोरांना मी स्वतः सांगत असे. पण इतके दिवस मी त्या रिळात माणसं बघितलीच नव्हती. मी नुसते जोड बघत होते.

मी कात्री घेतली आणि पहिला जोड कापला. एक चौकट जमिनीवर पडली. सासूबाईंनी ती पडताना पाहिली.

"त्याचा जोड होता का?"

"हो."

त्यांचं सासर आणि माहेर दोन्ही विणकरांचं, आयुष्य सूत जोडण्यात गेलेलं. त्या पुन्हा डाळीकडे वळल्या. "गाठ चुकली तं सोडाच लागते," म्हणाल्या. इतकंच. संध्याकाळपर्यंत मी बऱ्याच गाठी सोडल्या. पडलेल्या चौकटी मी उचलल्या नाहीत. झाडणाऱ्या बाईने केरात भरल्या.

आता अंगाचा भरवसा नव्हता, तेव्हा जे मोजता येतं तेवढंच धरून मी कामाला लागले. लोंबत्या तुकड्यांमध्ये गच्चीवरून घेतलेला एक शॉट होता, ज्यात दोघंही एकाच चौकटीत दिसत होते. त्याने तो काढून टाकला होता, कारण अर्ध्यातच एक कापडवाला कॅमेऱ्याकडे बघून हसतो. इतवारीत कॅमेरा लावला की अख्खा बाजार त्यात बघतो, त्याला इलाज नाही. मी कापडवाला मान वळवतो त्याच्या आधीपर्यंतचा भाग घेतला आणि रिळाच्या सुरुवातीला लावला. दोघांमध्ये पूर्ण एक गल्ली. बघणाऱ्याच्या डोळ्यांत एकदा हे अंतर बसलं की पुढे त्याच्याशी खेळता येतं.

मग दिशा. हमाल डावीकडून उजवीकडे पळत असेल तर खुनीही डावीकडून उजवीकडेच पळाला पाहिजे. उलट पळाला तर ते एकमेकांना भेटायला निघालेत असं वाटतं. इतवारीतल्या खऱ्या गल्ल्या कुठे मिळतात याच्याशी सिनेमाला देणंघेणं नाही. भांड्यांच्या दुकानांच्या ओळीतून वळलेला माणूस माझ्या रिळात थेट सराफ बाजारात निघाला. दिशा बदलायची होती तिथे मध्ये हमाल समोरून कॅमेऱ्यावर धावत येतो तो शॉट घातला. समोरून येणाऱ्याला डावं-उजवं नसतं, त्यामुळे त्यानंतर कुठेही वळवता येतं. वळणांवरचे कट मी अंग वळत असतानाच मारले, म्हणजे डोळा हालचालीच्या मागे जातो आणि त्याला जोड दिसत नाही.

पण अंतर कमी होताना दाखवायचं कसं? दोघांचे तुकडे आळीपाळीने लहान करत नेले की वेग वाढतो, ते सगळेच करतात, मीही केलं. तरी नुसत्या वेगाने भीती वाटत नाही. मग मला ती रिकामी फिल्म आठवली. हमाल चौकटीबाहेर जातो त्यानंतर कॅमेरा चालूच होता. रिकामी गल्ली, आणि थोड्या वेळाने त्याच गल्लीत, त्याच चौकटीत खुनी शिरतो. तेवढा रिकामा वेळ म्हणजेच अंतर. नवऱ्याने कापून काढलेली शॉटच्या शेवटची ही सगळी शेपटं खिळ्यांवर लोंबत होती, प्रत्येकाला त्याच्या अक्षरातली चिठ्ठी.

मी ती शेपटं परत जोडली. पहिल्या वळणावर हमाल गेल्यानंतर गल्ली इतका वेळ रिकामी ठेवली की बघणाऱ्याने सुस्कारा सोडावा, मग खुनी आला. दुसऱ्या वळणावर त्याहून कमी. तिसऱ्या वळणावर हमालाची टाच दिसेनाशी होते न होते तोच खुन्याची सावली. हमाल मागे वळून बघतो ते शॉट सुरुवातीला ठेवले आणि पुढे काढून टाकले. तो बघत नाहीसा झाला की आपणच त्याच्या वतीने मागे बघायला लागतो.

अशा परत जोडलेल्या प्रत्येक ठिकाणी मला एक खूण करावी लागली. तिथे प्रतीवर जोड होता, पण सिनेमात कट नको होता. शॉट सलग चालायला हवा होता. मध्ये गेलेल्या चौकटीच्या जागी एक काळी चौकट घालायची आणि जोडावर पांढऱ्या पेन्सिलीने दोन आडव्या रेघा मारायच्या. मुंबईच्या निगेटिव्ह कापणाऱ्याला त्याचा अर्थ कळतो: इथे कापलं होतं ते धरू नका, इथे काही तुटलेलं नाही. मी रेघा मारत गेले. इथे काही तुटलेलं नाही. इथेही नाही. हात अगदी स्थिर होता.

चौथ्या वळणाचं शेपूट सगळ्यात लांब होतं. तिथे कॅमेरामनला 'कट' ऐकू आलंच नसावं. हमाल जातो, खुनी त्या गल्लीत शिरायचा असतो, पण त्या खेपेला कुठल्याशा ठेल्याला अडकून तो आलाच नाही आणि कॅमेरा तसाच चालू राहिला. गल्ली, उभा हातठेला, वाऱ्यावर हलणारं लुगडं, उन्हाचा एक पट्टा. बस. मी ते सगळंच्या सगळं लावलं. पुढच्या शॉटमध्ये हमाल मोकळ्या चौकात येतो आणि खुनी त्याच्या समोर उभा असतो.

दिग्दर्शक बघायला आला तेव्हा पहिल्या तीन वळणांवर तो पुढे सरकून बसला आणि चौथ्यावर उठून उभा राहिला.

"वहिनी, खुनी बाजूच्या बोळात शिरतो तो शॉट आहे ना आपल्याकडे? तो कुठे गेला?"

"काढला."

"मग लोकांना कळणार कसं तो कुठे गेला ते?"

"कळू नये म्हणूनच काढला."

"आणि ही रिकामी गल्ली किती लांब! लोक ओरडतील. मागच्या रांगेतले तर शिट्ट्या मारतील." मग एकदम त्याचा आवाज मऊ झाला. "तुम्ही थकला आहात का?"

"नाही," मी म्हणाले. "थकले असते तर मला कळलं असतं."

ती गल्ली नेमकी किती लांब हवी हे मलाही ठाऊक नव्हतं. मी तिला अंगाने मापलं नव्हतं, जेवढी होती तेवढी लावली होती. एरवी मी असं कधी केलं नसतं. तिथे माझा अंदाज चुकला असेल तर रविवारीच कळणार होतं, आणि मग पाटीवर मुंबईच्या माणसाचं नाव.

रविवारी टॉकीजमध्ये शेठजी, त्यांचे दोन-तीन वितरक मित्र आणि त्यांच्या घरची माणसं, दिग्दर्शक आणि सासूबाई. प्रत मुकी होती; पावलांचे आवाज, संगीत सगळं पुढे मुंबईला चढणार होतं. नुसतं चित्र आणि मागे प्रोजेक्टरची घरघर. ट्रायलला माझा नवरा कधी पडदा बघत नसे. पहिल्या रांगेच्याही पुढे, पडद्याकडे पाठ करून बसायचा आणि लोकांची तोंडं बघायचा. "सिनेमा तिकडं नसते, इकडं असते," म्हणायचा. मी त्याच्यासारखीच बसले. माझ्या अंगावर माझा भरवसा नव्हता, तेव्हा दुसऱ्यांच्या अंगांवर ठेवायचं ठरवलं.

पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडांवर हलत होता. कुठला शॉट चालू आहे हे मला त्या उजेडावरून कळत होतं. गच्चीवरचा शॉट आला, शेठजी पान चघळत होते. पहिलं वळण. एका वितरकाच्या बायकोने पंखा हलवायचा थांबवला आणि खुनी आला तसा पुन्हा हलवायला लागली. दुसरं वळण. दिग्दर्शकाने पुढच्या खुर्चीची पाठ धरली, आणि त्याला तर सगळं माहीत होतं. तिसरं. शेठजींचं तोंड भरभर चालायला लागलं. मग उजेड एकसारखा, फिकट झाला आणि हलायचा थांबला. चौथी गल्ली आली होती.

शेठजींचं तोंड थांबलं. पंखा थांबला. कुणी खोकलं नाही, कुणी शिट्टी मारली नाही. मी त्यांच्याकडे बघत होते आणि ते सगळे माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होते, वाट बघत होते. उजेड तसाच. मला वाटलं आता संपेल. तसाच. सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या, आणि त्या शांततेत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"कुठी गेला वं? अजून कसा नाही आला?"

कुणी हसलं नाही. मी मागे वळले. माझ्या हाताने लावलेली गल्ली होती ती, हजारदा बघितलेली. ठेला. लुगडं. उन्हाचा पट्टा. कुणी येत नव्हतं. कुणी येणार नव्हतं हे मला ठाऊक होतं, तसा तुकडाच माझ्याकडे नव्हता. आणि तरी मी गल्लीच्या तोंडाकडे बघत श्वास धरून बसले होते. तो येणार नाही. मे महिन्यापासून मला हे माहीत होतं, पण कळलं ते तेव्हा, त्या टॉकीजच्या फरशीवर बसून. मी पदर तोंडात कोंबला. मग चौक आला, समोर खुनी उभा, आणि मागे खुर्च्यांमधून एकदम मोठा आवाज झाला, कुणी "अरे!" म्हणालं, कुणाच्या तरी हातातून काहीतरी पडलं.

दिवे लागले तेव्हा शेठजी माझ्याजवळ आले. माझं तोंड बघून आधी घाबरले. मग म्हणाले, "भाभीजी, बंबईले काही पाठवत नाही मी. पाटीवर त्यांचं नाव, आणि खाली तुमचं. बरोबर?"

मी मान हलवली. "एक चौकटही कमी करू नका," दिग्दर्शक म्हणाला आणि घाईघाईने बाहेर गेला.

परत जाताना रिक्षात मी रडत होते. भर बर्डीत, दुपारच्या उन्हात, आवाज करून. रिक्षावाला सारखा मागे वळून बघत होता, सासूबाईंनी त्याला "पुढं पाय गा" म्हणून दटावलं. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं,

"तो गल्लीतला माणूस मंग कुठून आला वं?"

"दुसऱ्या बोळातून, आई. पुढून आला."

मग माझा हात त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला, रिकाम्या डब्याच्या शेजारी.

"तुह्या सिनेमातला आला तरी," त्या म्हणाल्या.